संदर्भशैली आधी ठरवू नका, नोंदी आधी शुद्ध करा

आरोग्यविषयक नियतकालिकांपैकी पुष्कळशी व्हँकुव्हर ही क्रमांकशैली मागतात, तर मानसशास्त्र आणि परिचर्येची अनेक नियतकालिके एपीएसारखी लेखक-वर्ष शैली मागतात. त्यामुळे निवड तुमच्या आवडीची नसून, जिथे लेख पाठवायचा आहे तिथल्या लेखकसूचनांची असते. मात्र लेख नाकारला गेला की दुसरीकडे पाठवताना शैली बदलावी लागते, आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील नोंदींचा कच्चेपणा तेव्हाच उघडा पडतो.

एक उदाहरण पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल झोटेरोत घेताना संस्थेचे नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत विभागले गेले, तर एपीएच्या यादीत `Organization, W. H.` आणि व्हँकुव्हरमध्ये `Organization WH` असे छापले जाते. लेखकाच्या ओळीशेजारच्या बटणाने दोन रकान्यांचा एक करा आणि तिथे पूर्ण नाव लिहा; यादीतली चूक वर्डमध्ये हाताने सुधारलीत, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती परत येते.

शैली वर्डमधल्या झोटेरोच्या `Document Preferences` मधून बदलता येते, पण वाक्ये बदलत नाहीत. कंसात लेखक-वर्ष येईल असे गृहीत धरून, लेखकाचे नाव न घेता लिहिलेले वाक्य क्रमांकशैलीत ‘(7) यांनी दाखवले’ असे विचित्र होते. म्हणून मी पहिल्या मसुद्यापासूनच लेखकाचे नाव वाक्यात स्वतः लिहितो. एपीएत जाताना त्या संदर्भापुरता `Omit Author` निवडला की नावाची पुनरुक्ती टळते.