आईनं दार उघडलं : परिच्छेदातल्या काळाच्या चुका नेमक्या किती?

प्रश्न : मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. ‘परिच्छेदातल्या काळाच्या चुका शोधा आणि दुरुस्त करा’ यासाठी मी हा उतारा दिला : “परवा रविवारी मी मैत्रिणीच्या घरी गेले. तिची आई दार उघडते आणि म्हणाली, ‘बस, मी चहा घेऊन आलेच.’ मैत्रीण झोपली होती. आई म्हणाली की ती रोज उशिरा उठते. लहानपणी मात्र ती रोज पहाटे पाचला उठली. थोड्या वेळाने मैत्रीण बाहेर येईल आणि आम्ही गप्पा मारल्या. ती गेल्या सहा महिन्यांपासून गाणं शिकत आहे.” माझ्या मते चुका ३ : उघडते, उठली, येईल. एका विद्यार्थिनीने ५ दाखवल्या. ‘उघडते’चं ‘उघडली’ केलं, ‘येईल’चं ‘आली’ केलं. शिवाय ‘आलेच’, ‘उशिरा उठते’ आणि ‘शिकत आहे’ हेही तिने चूक ठरवलं. ‘पाचला उठली’ मात्र तशीच ठेवली. यात बरोबर काय धरू?

उत्तर : चुका तीनच आहेत. पण तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर बारकाईने वाचण्यासारखं आहे, कारण तिचं कुठे अडतं ते त्यात अगदी स्वच्छ दिसतं.

आधी ‘उघडते’. तिने चूक बरोबर पकडली आणि दुरुस्ती चुकवली : ‘तिची आई दार उघडली’. मराठीत काळ बदलला की नुसतं क्रियापद बदलून भागत नाही, सगळं वाक्य हलतं. वर्तमानात ‘आई दार उघडते’, क्रियापद आईच्या मागे. भूतकाळात ‘आईनं दार उघडलं’ : आईला ‘ने’ लागला आणि क्रियापद दाराच्या मागे गेलं. दाराऐवजी खिडकी असती तर ‘उघडली’ बरोबर ठरलं असतं, पण ते खिडकीमुळे, आईमुळे नव्हे. ‘येईल’चं ‘आली’ तिला सहज जमलं, कारण ‘येणे’ अकर्मक आहे आणि तिथे कर्त्याला हात लावावा लागत नाही.

हे पुढच्या शब्दापर्यंत पोचतं. ‘आईनं दार उघडलं आणि म्हणाली’ असं आपण बोलताना सर्रास म्हणतो. पण ‘म्हणणे’ला कर्म असलं तरी भूतकाळात त्याच्या कर्त्याला ‘ने’ लागत नाही. म्हणजे ‘आईनं’ हा कर्ता ‘उघडलं’पुरताच पुरतो आणि ‘म्हणाली’ला तो बसत नाही. लिहिताना ‘आणि ती म्हणाली’ करावं, किंवा सरळ ‘आई दार उघडून म्हणाली’. दुसरं मला जास्त मराठी वाटतं. ‘ऊन’ लावल्यावर पहिल्या क्रियेचा काळ ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन्हींना पूर्ण गुण द्या.

हे अडखळणं वर्गात उशिरा का कळतं, याचं कारण बहुतेक वेळा उताऱ्यातच असतं. शिकवण्यासाठी लिहिलेले उतारे ‘मी’ने सुरू होतात आणि ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना भूतकाळात ‘ने’ दिसत नाही. ‘मी दार उघडते’चं ‘मी दार उघडलं’ होतं, कर्ता जिथल्या तिथे. महिनाभर असे उतारे सोडवलेला माणूस ‘आई’ आल्यावर चुकणारच. तुमच्या उताऱ्यात आई आहे हे चांगलं आहे.

‘उघडते’ चूक ठरते ती त्याच वाक्यात पुढे ‘म्हणाली’ आहे म्हणून. एरवी घडून गेलेली गोष्ट वर्तमानात सांगायची आपली रीतच आहे : “परवा मी तिच्याकडे जाते, तर आई दार उघडते आणि म्हणते...” यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. भूतकाळातल्या कथनात मधेच ‘बघते तर काय, घर रिकामं!’ आलं तरी तेही चालतं. ते ठरलेलं वळण आहे.

आता ‘उठली’. हे तिच्या नजरेतून सुटलं, आणि माझ्या मते उताऱ्यातली हीच सर्वांत कठीण चूक आहे. तिने विचार केला असणार की लहानपण होऊन गेलं, ‘उठली’ भूतकाळ आहे, मग हरकत काय? पण ‘उठली’ एकदा घडलेलं सांगतं. सवय सांगायला रीतिभूतकाळ लागतो : लिहिताना ‘उठत असे’ किंवा ‘उठे’, बोलताना ‘उठायची’. तिघांपैकी कोणतंही घ्या. फक्त ‘रोज हा शब्द दिसला की रीतिभूतकाळ’ असा नियम तिला सांगू नका. ‘परीक्षेच्या आठवड्यात ती रोज पाचला उठली’ हे वाक्य बिनचूक आहे. तिथे आठवड्याची हद्द आहे, सात दिवस मोजून संपतात. लहानपणाला तशी हद्द नाही. फरक त्या हद्दीचा आहे.

तिने जादा दाखवलेल्या तिघांपैकी ‘आलेच’चं सोपं आहे. रूप भूतकाळाचं, अर्थ लगेच होणाऱ्या क्रियेचा. ‘येतेच’ ठेवून बघितलं तरी अर्थ तोच राहतो. हाक आल्यावर ‘आले, आले!’ आणि फांदीवर चढलेल्या पोराला ‘पडलास बघ!’ हे त्याच जातीचं. पुरुष बोलत असेल तर ‘आलोच’, एवढंच तिला सांगा.

‘आई म्हणाली की ती रोज उशिरा उठते’ इथे तिने इंग्रजीचा नियम लावला असणार : सांगणं भूतकाळात, म्हणून सांगितलेलंही मागे न्यायचं. मराठीत ‘की’च्या पुढचं वाक्य, बोलणारा ज्या काळात बोलला त्याच काळात राहतं. बदललं तर अर्थ बिघडतो. ‘आई म्हणाली की ती उशिरा उठायची’ म्हणजे आता ती उशिरा उठत नाही. मग पुढच्या ‘लहानपणी मात्र’मधला ‘मात्र’ कशाच्या विरोधात उभा राहणार? तिला तो ‘मात्र’ बोटाने दाखवा, लगेच पटेल.

‘शिकत आहे’ बरोबरच आहे. ‘गेल्या सहा महिन्यांपासून’ हे आजपासून मागे मोजलेलं आहे आणि शिकणं अजून चालू आहे. ‘शिकत होती’ केलं की गाणं सुटल्यासारखं वाटतं. त्या रविवारपासून मागे मोजायचं असेल तर ‘त्याआधी सहा महिन्यांपासून शिकत होती’ म्हणावं लागेल. पण रविवार कालपरवाचाच असल्यामुळे दोन्ही मोजणी जवळजवळ एक होतात, म्हणून इथे गोंधळ होणं साहजिक आहे. या वाक्याचे गुण मी कापणार नाही. पुढच्या वेळी ‘परवा रविवारी’ऐवजी ‘तीन वर्षांपूर्वी’ घाला, म्हणजे उत्तर एकच निघेल.

गुण देताना शोधण्याचा अर्धा आणि दुरुस्तीचा अर्धा असे वेगळे ठेवा. त्या हिशेबाने तिला ‘उघडते’चा अर्धा, ‘येईल’चा पूर्ण आणि ‘उठली’चं काहीच नाही, म्हणजे तीनपैकी दीड. आणि उताऱ्याच्या वर ‘यात ३ चुका आहेत’ असं लिहा. संख्या माहीत असली की शिकणारा प्रत्येक क्रियापदावर संशय घेत बसत नाही. पाच दिसल्या तर त्यातल्या कोणत्या दोन सोडायच्या याचा विचार त्याला करावा लागतो, आणि ‘आलेच’कडे तो दुसऱ्यांदा बघतो.