वरचं बीपी, खालचं बीपी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा आणि खालचा ते विसावतं तेव्हाचा, हे माहीत आहे. पण हृदय विसावलं, तर दाब शून्यावर का येत नाही?

हृदयाच्या डाव्या कप्प्यात तो जवळजवळ शून्यापर्यंत उतरतोच. पण दंडावर आपण मोजतो तो हृदयातला दाब नव्हे, धमनीतला.

डावा कप्पा आकुंचन पावला की रक्त महाधमनीत जोरात शिरते. ते सगळे त्याच क्षणी पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढच्या बारीक धमन्या अरुंद असतात. म्हणून महाधमनीची लवचीक भिंत ताणली जाते आणि बरेचसे रक्त तिथेच साठते. या ताणाच्या शिखरावरचा दाब म्हणजे वरचा आकडा. मग झडप बंद होते. रक्त मागे फिरू शकत नाही आणि ताणलेली भिंत आक्रसत ते पुढे ढकलत राहते. साठा कमी होईल तसा दाब उतरतो, पण पूर्ण रिकामे होण्याआधीच पुढचा ठोका येतो. त्या ठोक्याच्या अगदी आधी दाब जिथपर्यंत उतरलेला असतो, तो खालचा आकडा.

म्हणजे १२०/८० हे एकाच लाटेचे माथा आणि तळ आहेत. वरचा आकडा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: हृदयाने एका ठोक्यात किती रक्त किती जोराने फेकले आणि महाधमनी किती ताणली गेली. खालचा ठरतो तो बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत, मोठ्या धमन्यांनी किती साठा धरून ठेवला आणि दोन ठोक्यांमध्ये किती वेळ मिळाला यांवर. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे यातूनच निघतात.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे आहेत. बीपी सतत १६४/७२ च्या आसपास असतं. खालचं नॉर्मल आहे आणि घरातले म्हणतात, वय अधिक शंभर एवढं वरचं चालतं. तरी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. गरज होती का?

होती. ‘वय अधिक शंभर’ हा हिशोब सोडून द्या. वयाबरोबर वरचे बीपी वाढलेले अनेकांत दिसते, पण त्यामुळे ते निरुपद्रवी ठरत नाही.

वडिलांच्या दोन आकड्यांत ९२ चे अंतर आहे. १२०/८० मध्ये ते ४० असते. साधारण पन्नाशीनंतर महाधमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू झिजत जातात आणि भिंत ताठर होते. ठोका आला की ती पुरेशी ताणली जात नाही, त्यामुळे तेवढ्याच रक्ताचा दाब जास्त चढतो. ताणलीच गेली नाही, तर साठाही कमी राहतो. मग दोन ठोक्यांच्या मधे दाब धरून ठेवायला काही उरत नाही आणि खालचा आकडा घसरतो. म्हणजे वरचा चढणे आणि खालचा उतरणे ही एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत. इथला ७२ हा निरोगी तरुणाचा ७२ नव्हे.

या प्रकारावर उपचार करावेत का, यावर पूर्वी डॉक्टरांमध्येच मतभेद होते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘शेप’ चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात साठीपुढचे ४,७०० हून अधिक लोक होते. सर्वांचा वरचा आकडा १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत होता. ज्यांना औषध दिले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. खालचा आकडा चांगला दिसतो म्हणून थांबण्याचा सल्ला त्यानंतर टिकला नाही.

मात्र औषधाने दोन्ही आकडे उतरतात, एकटा वरचा नाही. हृदयाच्या डाव्या भागाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे खालच्या दाबावर. त्यामुळे हा आकडा ६० च्या खाली जाऊ लागला, विशेषतः आधीपासून हृदयविकार असेल, तर डॉक्टर मात्रा बेताने वाढवतात. घरी एक गोष्ट जरूर करा. वडिलांचे बीपी बसून मोजल्यावर त्यांना उभे करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा २० किंवा खालचा १० ने पडला, किंवा चक्कर आली, तर ते डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला उठताना पडून मांडीचे हाड मोडण्याचा धोका इथे असतो.

एवढ्या मोठ्या अंतराचे कारण नेहमी वयच असते असे नाही. महाधमनीची झडप गळत असेल, रक्तक्षय तीव्र असेल किंवा थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, तरी आकडे असेच फाकतात. त्यांची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या.

प्रश्न: माझं वय ३४. वरचं १२६, पण खालचं ९४. फक्त खालचं वाढलंय, म्हणजे काळजी नाही ना?

आधी तुमची वरच्या प्रश्नातल्या वडिलांशी तुलना करू. सरासरी दाब काढण्याची सोपी रीत अशी: दोन आकड्यांच्या अंतराचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. लाटेचा जास्त वेळ तळाच्या बाजूला जातो, म्हणून अर्धा नाही, तिसरा हिस्सा. वडिलांचे ७२ अधिक ३१, म्हणजे १०३. तुमचे ९४ अधिक ११, म्हणजे १०५. दोघांचा सरासरी दाब जवळजवळ सारखाच आहे. १२०/८० चा तो ९३ येतो.

बिघाड मात्र निराळा आहे. तुमची महाधमनी अजून लवचीक असल्याने ती ठोका सामावून घेते आणि वरचा आकडा फार चढत नाही. बारीक धमन्या आवळलेल्या असल्याने रक्त पुढे सरकत नाही आणि तळ उंच राहतो. या वयात त्यामागे बहुतेकदा वाढलेले वजन, जेवणातले मीठ, दारू, किंवा घोरताना श्वास अडकणे असते. कधी मूत्रपिंडाचा आजारही निघतो, म्हणून लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन एकदा तपासावे. दवाखान्यात ९० आणि घरी ८५ ही खालच्या आकड्याची मर्यादा धरतात. तुमचा आकडा टिकून राहिला, तर तो उच्च रक्तदाबच आहे. तसाच सोडला, तर पुढे अनेकांचा वरचाही चढतो.

प्रश्न: डॉक्टर पाऱ्याच्या यंत्रावर १४०/९० म्हणाले. घरी येऊन मशीनवर घेतलं तर १३१/७९. कोण चुकतंय?

कदाचित कोणीच नाही. दोघांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

दंडाला बांधलेला पट्टा, म्हणजे कफ, फुगवून धमनी बंद करायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दिली. त्यात हाताला नाडी पुन्हा लागली की वरचा आकडा कळे, खालचा नाही. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोप लावला. कफमधली हवा सोडत गेल्यावर पहिला टक्-टक् आवाज येतो तो वरचा आकडा, आणि आवाज पूर्ण नाहीसा होतो तो खालचा. डॉक्टर आजही हेच ऐकतात. हवा अशी सोडायची असते की पारा सेकंदाला सुमारे २ मिमी उतरेल. घाईत सोडली, तर पहिला आवाज उशिरा पकडला जातो आणि वरचा कमी लागतो, शेवटचा आवाज लवकर संपल्यासारखा वाटतो आणि खालचा जास्त लागतो. शिवाय पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोन मिमीच्या असतात. वरचा आणि खालचा दोन्ही शून्यावर संपले, तर आकडा जवळच्या दहावर नेला असण्याची शक्यता बरीच असते. १३६/८८ चे १४०/९० असे होते.

तुमचे मशीन काहीच ऐकत नाही. हवा उतरताना कफमध्ये उठणारी स्पंदने ते टिपते. स्पंदने सर्वांत मोठी होतात तो सरासरी दाब, आणि तिथून कंपनीच्या सूत्राने ते वरचा व खालचा आकडा काढते. म्हणून ठोके अनियमित असतील तर मशीनवर फार भरवसा ठेवता येत नाही आणि कानानेच मोजावे लागते.

याशिवाय दवाखान्यात थोडे दडपण असतेच. मशीन खरे आहे का हे पाहायचे तर ते पुढच्या भेटीला सोबत न्या. त्याच दंडावर एक-एक मिनिटाने आळीपाळीने दोन्ही यंत्रांवर मोजून घ्या. वरच्या आकड्यात ५ च्या आत फरक असेल तर मशीन उत्तम, १० च्या पुढे असेल तर बदला.

प्रश्न: लागोपाठ तीनदा घेतलं: १४८/९२, १३९/८६, १३४/८४. पलंगावर बसून, हात मांडीवर. यातलं खरं कोणतं लिहू?

पहिले सोडा. तीनही वाचनांत आकडे उतरत गेले आहेत, म्हणजे तुम्ही पुरेसे शांत बसण्याआधीच सुरुवात केली होती. उरलेल्या दोघांची सरासरी साधारण १३७/८५ येते. घरच्या मोजणीत मर्यादा १३५/८५ धरतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. पण हात मांडीवर होता. कफ हृदयापेक्षा जितका खाली, तितके रक्ताच्या स्तंभाचे वजन त्यात मिळते, दर सेंटिमीटरला सुमारे पाऊण मिमी. मांडीवरच्या हाताने दोन्ही आकडे चार ते सात-आठने चढू शकतात. पलंगावर पाठीला आधार नव्हता, त्याचीही थोडी भर पडली असेल. तेवढे वजा करून लिहू नका, पुन्हा नीट मोजा.

पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर असा ठेवा की कफचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या पातळीला येईल. टेबल बुटके असेल तर हाताखाली उशी घ्या. आधी लघवी करून या. अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटे गप्प बसा आणि मोजतानाही बोलू नका. कफ उघड्या दंडावर बांधा. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटेच जास्त लागते, आणि घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक बहुधा हीच आहे. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा, ज्यावर जास्त येईल तो पुढे कायम वापरा. दोघांत १५ च्या वर फरक वारंवार आला तर दाखवून घ्या.

सात दिवस, सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी, दरवेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सगळे आकडे लिहा, पहिला दिवस वगळा आणि उरलेल्या २४ वाचनांची वरच्याची वेगळी, खालच्याची वेगळी सरासरी काढा. डॉक्टरांना तो कागद दाखवा, मधला एखादा भीतीदायक आकडा नव्हे. अपवाद एकच: १८०/१२० किंवा त्यापुढचे आकडे आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे. अशा वेळी सरासरीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून घेऊ नका. दाब एकदम कोसळला की मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होऊ शकतो.