आभाराचं पान इंडोनेशियनमध्ये नेताना: वाचकांचे प्रश्न

पीएचडीचा थिसिस आहे, म्हणून 'तेसिस' लिहिलंय, बरोबर ना? (निपाणी)

नाही, लगेच बदला. तिकडं तेसिस म्हणजे एमएचा प्रबंध, बीएचा असतो तो स्क्रिप्सी आणि पीएचडीचा दिसर्तासी. गाईडही प्रोमोतोर होतात आणि दुसरे गाईड को-प्रोमोतोर.

'गुरुमाऊलींच्या चरणी, माझं अज्ञान पदरात घेतलंत' असं मराठीत लिहिलंय, हे तसंच न्यायचं का? आणि 'मी' लिहू का 'आम्ही'? (खानापूर)

आधी दुसरं सांगतो, कारण ते आपल्याला सोपं आहे. आपल्याकडं आम्ही आणि आपण वेगळं असतं ना, तसंच तिकडं कामी आणि कीता, कामीत वाचणारा येत नाही आणि कीतात येतो, त्यामुळे कीता लिहिलात तर वाचणाराही तुमच्या सरांचे आभार मानतोय असं होतं. एकट्याच्या प्रबंधात 'पेनुलिस' म्हणजे लेखक, हे स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात लिहायची रीत आहे, किंवा साधं साया, म्हणजे मी. एक धरलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

आता चरण आणि पदर. हे शब्दशः नेलं की भाव जातो आणि नुसते पाय उरतात, म्हणून सरांनी नेमकं काय केलं ते लिहा. मी असं केलं असतं: 'पेनुलिस मेंगुचापकान तेरिमा कासिह यांग सेबेसार-बेसारन्या केपादा' मग सरांचं पूर्ण पदवीसकट नाव, पुढं 'सेलाकू प्रोमोतोर, यांग देंगान साबार मेंबिम्बिंग पेनुलिस'. म्हणजे प्रोमोतोर म्हणून धीरानं मार्ग दाखवला त्यांचे मनापासून आभार. सरांचा पुन्हा उल्लेख आला तर दिया म्हणजे साधं 'तो' नको, बेलियाऊ लिहा, आपल्या 'ते'सारखा मान त्यात आहे. 'मी अडाणी' हे मात्र अजिबात नको, परीक्षक ते खरंच धरतील! नम्रतेला त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, 'दिसर्तासी इनी मासिह जाउह दारी सेम्पुर्ना', प्रबंध अजून परिपूर्णतेपासून लांब आहे. कमीपणा कामाला लागतो, माणसाला नाही, म्हणून ते शोभतं.

कैलासवासी अण्णांना काय लिहू? आणि आईअण्णांचं नाव सगळ्यात आधी ठेवलं तर चालेल का? (चिकोडी)

बऱ्याच जणांना आल्मारहूम सापडतो, पण तो अरबीतून आलेला आणि मुख्यतः मुस्लिम माणसासाठी वापरतात, अण्णांसाठी मेंदियांग लिहा. क्रमाचं म्हणाल तर साधारण आधी देवाचे आभार, मग प्रोमोतोर, को-प्रोमोतोर, परीक्षक आणि घरचे शेवटाकडं, पण तिकडच्या विद्यापीठाची पेदोमान म्हणजे नियमपुस्तिका आधी बघा, काही ठिकाणी आभार वेगळ्या पानावर नसतात, काता पेंगांतार नावाच्या प्रस्तावनेतच येतात. घरचे मागं गेले म्हणून मान कमी होत नाही हो, उलट तिथं एक वाक्य मोकळं लिहिता येतं, अण्णांनी उसाच्या बिलातून फी भरली असेल तर तेवढंच साधं लिहा, त्याला विशेषणं लावू नका.