पाचव्या स्थानापाशी

प्रश्न: ख्रिस्ती लोक क्रुसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी थांबतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी नेमकं काय करतात? प्रार्थना पाठ केलेली असते की मनातली? आणि ‘चिंतन’ म्हणजे काय करायचं असतं?

मी वसईची कॅथलिक आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट असते आणि मी लहानपणापासून तिला जाते.

चर्चच्या दोन्ही भिंतींवर ओळीने चौदा चित्रं असतात. पहिल्यात रोमी सुभेदार पिलात येशूला मरणदंड सुनावतो, चौदाव्यात त्याला कबरेत ठेवतात. प्रत्येक चित्राच्या वर एक छोटा लाकडी क्रूस असतो. परंपरेनुसार खरं स्थान तो क्रूसच, चित्र केवळ मनाला आधार म्हणून. म्हणून एखाद्या डोंगरावरच्या वाटेवर नुसते चौदा क्रूस रोवलेले असले, तरी भक्ती पूर्ण होते. चौदा हा आकडा पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 साली कायम केला. त्याआधी गावोगावी तो वेगवेगळा होता. मुळात ही जेरुसलेमची वाट, येशू क्रूस घेऊन चालला ती. तिथे फ्रान्सिस्कन बंधू आजही दर शुक्रवारी दुपारी त्या गल्ल्यांतून ती चालतात. ज्यांना तिथे जाणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी ती गावच्या चर्चच्या भिंतींवर आली. म्हणूनच चालणं महत्त्वाचं. गर्दीत सगळ्यांना फिरता येत नाही, तेव्हा क्रूस धरलेला माणूस आणि दोघे मेणबत्तीवाले पुढे सरकतात आणि बाकीचे जागेवरून त्या दिशेला वळतात.

प्रत्येक स्थानापाशी क्रम सारखाच असतो. धर्मगुरू स्थानाचं नाव घेतात आणि सगळे गुडघा टेकतात. ते म्हणतात, “हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो व तुला धन्यवाद देतो,” आणि आम्ही उत्तर देतो, “कारण तू आपल्या पवित्र क्रुसाने जगाचे तारण केले आहेस.” मग उभं राहून शुभवर्तमानातला उतारा किंवा छोटं मनन ऐकायचं, थोडा वेळ शांत राहायचं, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मरिया’ म्हणायचं आणि गीताचं एक कडवं गात पुढच्या स्थानाकडे निघायचं. एका स्थानाला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणजे शब्द बहुतेक ठरलेले असतात. मनातली प्रार्थना त्या शांततेत होते, आणि तुमचा ‘चिंतन म्हणजे काय’ हा प्रश्नही तिथलाच आहे.

चौदाही स्थानांबद्दल सारखं लिहिण्याऐवजी पाचव्याबद्दल सांगते, कारण चिंतन म्हणजे काय ते मला तिथेच कळलं.

पाचवं स्थान: शिमोन कुरेनेकर येशूचा क्रूस वाहतो. आमच्या चित्रात तो मागे आहे आणि क्रुसाचं खालचं टोक त्याने दोन्ही हातांनी उचललंय. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की शिमोनाने मदत केली, तशी आपणही करावी. मराठी बायबल मात्र ‘मदत’ म्हणत नाही. तिथे शब्द आहे ‘वेठीस धरले’. हा माणूस शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला पकडलं आणि दुसऱ्याचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकलं. तो राजीखुशीने आला असं शुभवर्तमान कुठेही सांगत नाही.

माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला, त्यानंतर चार वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातच होतं. नात्यातली माणसं फळं घेऊन यायची आणि “तू पुण्य कमावतेस” म्हणून निघून जायची. कूस बदलणं, चादरी धुणं, रात्री दोनला उठणं माझ्याकडे. त्या वर्षी पाचव्या स्थानापाशी मी नेहमीसारखं “प्रभो, मला सेवेची आवड दे” म्हणायला गेले आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेना, कारण ते खरं नव्हतं. तेवढ्यात वाचणाऱ्याच्या तोंडून ‘वेठीस धरले’ ऐकलं. मग मी मनात एवढंच म्हटलं, “प्रभो, मलाही वेठीस धरलंय. मी खुशीने आलेले नाही. पण ओझं तुझं आहे, तर धरते.” त्या चार वर्षांतली माझी पहिली खरी प्रार्थना ती.

तर चिंतन असं घडतं. आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा: कोण कुठे उभा आहे, कुणाचा हात कुठे आहे. मग त्यात आपण कुठे आहोत ते पाहायचं. आणि जे दिसेल ते प्रभूला सांगून एक गोष्ट मागायची. एकच. पुढे मला आणखी एक सापडलं: डोंगरावरच्या प्रवचनात “जो तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा” असं येशू सांगतो, तिथेही हाच शब्द आहे. त्यातला दुसरा कोस मला अजून पूर्ण जमलेला नाही. दर वर्षी पाचव्यापाशी तोच मागते.

सगळी स्थानं बायबलमधली नाहीत, हेही सांगायला हवं. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडतो. चौथ्यावर त्याला आई भेटते. सहाव्यावर व्हेरोनिका त्याचं तोंड पुसते. हे प्रसंग शुभवर्तमानात नाहीत, परंपरेतून आले आहेत. तीनदा पडणं एकसारखं वाटून मन भटकतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. मी त्यांच्याकडे वेगवेगळं पाहते. पहिल्यांदा तो ओझ्याने पडतो. दुसऱ्यांदा पडतो तेव्हा मला माझी तीच ती चूक आठवते, जी मी दर कबुलीत सांगते. तिसऱ्यांदा पडतो तेव्हा त्याला क्रुसावर खिळतात ती टेकडी अगदी जवळ आलेली असते. तिथे मी थकलेल्या माणसांची नावं घेते.

चिंतन भरकटतंय हे ओळखायचं असेल तर आठवं स्थान पाहा. रडणाऱ्या बायकांना येशू सांगतो, माझ्यासाठी रडू नका, आपल्यासाठी आणि आपल्या मुलाबाळांसाठी रडा. जखमा आणि रक्त आठवून डोळे भरले, पण घरी जाऊन जावेशी अबोला तसाच राहिला, तर आपण त्या बायकांपाशीच थांबलो. दुसरी खूण म्हणजे एखाद्या स्थानापाशी दुसऱ्याचीच पापं आठवू लागणं: शिपाई म्हणजे अमुक, पिलात म्हणजे तमुक. माझ्या बाबतीत हे पहिल्याच स्थानापाशी होतं. तेव्हा मी चिंतन सोडते आणि नुसतं ‘प्रभो, दया कर’ म्हणत राहते.

बाराव्यापाशी, येशू प्राण सोडतो तिथे, काही विचार करायचा नसतो. सगळे गुडघ्यांवर असतात आणि गाणंही थांबतं. त्या शांततेत कुणाचा खोकला, कुणाच्या बाळाचा आवाज ऐकू येतो. पहिल्यांदा जाणार असाल तर तिथे काही म्हणायचा प्रयत्न करू नका, फक्त थांबा.

चौदाव्यापाशी वाट कबरेत संपते. काही ठिकाणी पुनरुत्थानाचं पंधरावं स्थान जोडतात. मला चौदाच बरी वाटतात, कारण पुनरुत्थानासाठी ईस्टरची रात्र आहे. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून मी चौदाव्यापाशी त्यांचं नाव घेते, पाचव्यापाशी घ्यायचे तसंच.