रिपोर्टची वाट पाहणाऱ्या बायकोला मेसेज काय करायचा?

«बायकोच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली आहे. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. मी रोज तिला धीर देणारे मेसेज करतो, पण ती आणखीच चिडते. काल म्हणाली, ‘तुला काय माहीत काही होणार नाही म्हणून?’ मी नेमकं काय लिहू?»

या गृहस्थांना पहिल्याच भेटीत त्यांचे आदल्या दोन दिवसांतले मेसेज मोठ्याने वाचायला सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) त्यांतले तीन मेसेज पाहिले की गाडं कुठे अडतंय ते कळतं.

पहिला मेसेज, सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर केलेला: «काही होणार नाही, उगाच नको ते विचार करू नकोस.» तिचं उत्तर: «हं.» दुसरा, दुपारी: «वाचलं आत्ता, १० पैकी ८ गाठी साध्याच निघतात.» तिचं उत्तर: «आणि उरलेल्या दोन?» तिसरा मेसेज रात्री पावणेबाराला, शेजारच्या खोलीतून: «झोपलीस का? टेन्शन घेऊ नकोस.» यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कळलं, की नुकताच डोळा लागला होता आणि फोनच्या आवाजाने ती दचकून उठली.

तिन्ही मेसेज प्रेमापोटीच गेले होते, याबद्दल शंका नाही. पण पहिल्यात जी खात्री दिली आहे ती देणाऱ्याजवळ नाहीच, आणि हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक आहे. अशी खात्री मिळाली की घाबरलेलं माणूस आधी ती तपासून पाहतं. ती पोकळ निघाली की भीती जागच्या जागी राहतेच, वर «याला माझं गांभीर्य कळलेलं नाही» हा एकटेपणा येतो. शिवाय «विचार करू नकोस» म्हटल्यावर ती विचार करायची थांबत नाही, फक्त त्याला सांगायची थांबते. तो «हं» तिथून आला.

दुसरा मेसेज जास्त फसवा आहे, कारण त्यातली माहिती साधारण बरोबर आहे. बायोप्सी केलेल्या स्तनाच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण न विचारता पाठवलेला आकडा वाद सुरू करतो. ती उरलेल्या दोनांवर बोट ठेवते, तो आणखी काही शोधून पाठवतो, तिला तासभर बरं वाटतं, मग नवी शंका निघते. चिंतेत मिळालेली खात्री फार टिकत नाही, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी कमी टिकते. तोच प्रश्न शब्द बदलून तासा-दोन तासांत परत आला, तर समजावं की तिला माहिती नको आहे. तिला सोबत हवी आहे.

मेसेजमध्ये खरं, ठाम असं काय लिहिता येईल हे शोधायचं, तर रिपोर्टला वेळ का लागतो ते नवऱ्याला नीट समजलेलं असावं लागतं. सुईने काढलेले तुकडे आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. स्तनाच्या तुकड्यांना त्यात किमान ६ तास लागतात. मग बहुधा रात्रभर यंत्रात प्रक्रिया होते, तुकडा मेणात बसवतात, त्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंग देतात आणि त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी आणखी खोलवरचे काप हवे असतात, कधी विशेष रंगचाचण्या लावाव्या लागतात. त्यात आणखी काही दिवस जातात. या जादा चाचण्या रोग ओळखायला लावतात, तशाच गाठ साधी आहे याची खात्री करायलाही लावतात. थोडक्यात, उशीर झाला यावरून निकाल काय असेल हे कळत नाही, ना चांगला ना वाईट. वाट पाहणारं माणूस मात्र उशिराचा हमखास वाईट अर्थ लावतं. म्हणून हे उशीर होण्याच्या आधीच सांगून ठेवायचं. उशीर झाल्यावर सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

आणखी एक गोष्ट या गृहस्थांनी बायकोपासून लपवली होती. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर «बायरॅड्स ४ए» असं लिहिलं होतं, आणि ‘४’ पाहून त्यांना तो कर्करोगाचा चौथा टप्पा वाटला होता. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बायरॅड्स ही चित्रात किती शंका वाटते याची वर्गवारी आहे. ४ए म्हणजे शंका कमी, २ टक्क्यांहून जास्त ते १० टक्क्यांपर्यंत, पण नुसती नजरेखाली ठेवून भागणार नाही, तुकडा तपासायला हवा. मग हे तिला सांगायचं का? तिने विचारलं तर जरूर, समोर बसून आणि पूर्ण: शंकेचा भाग किती आणि उरलेला किती, दोन्ही. मेसेजमध्ये नको. नवरा काही लपवतोय हे बायकोला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि मग ती मनाने त्याहून भयंकर काहीतरी रचते.

त्यांनी तिथेच बसून नवा मेसेज लिहिला. पहिल्या खर्ड्यात «आपण मिळून लढू» असं होतं. ते खोडलं, कारण लढायचं म्हटलं की रोग आहे हे धरूनच चाललो. «तुला काही झालं तर माझं कसं होईल» हेही खोडलं. ते मनापासून होतं, पण ते वाचून तिला आधी त्याला सावरावं लागलं असतं. त्यांची स्वतःची भीती खरीच होती. ती बोलायला भाऊ, मित्र, समुपदेशक आहेत. शेवटी जे राहिलं ते असं:

«अगं, सकाळी तू म्हणालीस की हे वाट बघणंच नकोसं झालंय. खरंय. रिपोर्टमध्ये काय येईल ते मला माहीत नाही, म्हणून ‘काही होणार नाही’ म्हणणं आता बंद. डॉक्टर शुक्रवार म्हणालेत. कधीकधी जादा तपासणी लावतात, मग दोन-चार दिवस पुढे जातं, त्याचा अर्थ वाईट असा नसतो. शुक्रवारी दुपारी लॅबला फोन मी करतो, तू करू नकोस. रिपोर्ट मोबाइलवर आला तर संध्याकाळी घरी दोघं मिळून उघडू, तुला चालेल ना? डॉक्टरांची शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. जे असेल ते त्यांच्याकडून दोघं ऐकू. याला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. साडेसहाला येतोय, आल्यावर नुसतं तुझ्याजवळ बसायचंय.»

सुरुवात तिच्याच शब्दांनी केली आहे आणि त्याला फक्त «खरंय» जोडलंय. त्यापुढे «पण» आला की मान्य केलेलं सगळं वाया जातं. «मला माहीत नाही» लिहायला या गृहस्थांना सगळ्यात जड गेलं. आपण ते म्हटलं तर ती खचेल असं त्यांना वाटत होतं. उलट त्या एका वाक्यामुळे पुढची वाक्यं विश्वासाची झाली: जो माहीत नसलेलं कबूल करतो, त्याने सांगितलेला शुक्रवारही खरा वाटतो.

मधला भाग कामांचा आहे, आणि मला विचाराल तर खरा दिलासा तिथेच आहे. फोन कोण करणार, कधी, रिपोर्ट कुठे उघडायचा, डॉक्टर कधी भेटणार. मोबाइलवर रिपोर्ट येण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, आणि गोंधळ तिथेच होतो: ती एकटी बसमध्ये असताना फाइल येते, अर्धे शब्द कळत नाहीत, मग ती इंटरनेटवर शोधत बसते. म्हणून उघडायची जागा आणि वेळ आधी ठरवायची. पण ठरवायची तिला विचारून, कारण रिपोर्ट तिचा आहे. काहींना तो एकटीनेच आधी पाहायचा असतो, तेही चालतं. मग नवऱ्याने «पाहिलास की लगेच फोन कर» एवढंच म्हणावं.

लॅबच्या फोनची थोडी तयारी लागते. पावतीवरचा नोंदणी क्रमांक हाताशी ठेवायचा. रिपोर्टबद्दल दुसऱ्या कुणाला सांगायला लॅब नकार देऊ शकते, म्हणून नवरा विचारणार आहे हे तिने आधी कळवून ठेवायचं. आणि विचारायचं एवढंच: «तयार आहे का, नसेल तर कधी?» फोनवरची व्यक्ती निकाल सांगत नाही आणि तिने तो सांगूही नये. «डॉक्टरांना दाखवा» हे वाक्य तिथे सगळ्यांनाच म्हणतात. ते कुठल्या सुरात म्हटलं यावरून काही ताडायला जाऊ नये.

मेसेज दुपारी साडेतीनला गेला. रात्री दहानंतर या विषयावर मेसेज करायचा नाही असंही ठरलं होतं. एकाच घरात असताना तर उठून जवळ जाणं सोपं. अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं: «चालेल. पोळ्या तू कर.» हे वाचून गृहस्थ जरा हिरमुसले. त्यांना काहीतरी हळवं अपेक्षित होतं. पण चिडलेलं, मिटलेलं माणूस जेव्हा रोजची कामं वाटून द्यायला लागतं, तेव्हा ते पुन्हा बोलायला लागलेलं असतं.

शुक्रवारी रिपोर्ट तयार नव्हता, विशेष रंगचाचण्या लावल्या होत्या. तिने त्या संध्याकाळी तीनदा विचारलं, «वाईटच असेल ना?» पहिल्यांदा त्यांनी उशिराचं कारण पुन्हा सांगितलं, ते ठीकच. दुसऱ्या-तिसऱ्यांदा तेच सांगत बसण्यापेक्षा वेगळं उत्तर लागतं, आणि ते त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं: «परत भीती वाटली ना? नवीन काही मला कळलेलं नाही. ये, इथे बस.» यात प्रश्नाचं उत्तर टाळलेलं नाही, उत्तर नाही एवढं सरळ सांगितलंय, आणि ज्या भीतीतून प्रश्न आला तिला जागा दिली आहे. काही मिनिटांनी ती स्वतःच दुसऱ्या विषयावर गेली. मात्र सलग काही रात्री झोपच नाही, खाणं तुटलंय, छातीत धडधड होऊन श्वास अडकतोय किंवा जगणं नको अशी भाषा येतेय, असं असेल तर ते मेसेजने भागवायचं काम नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, रिपोर्टची वाट न पाहता.

शनिवारची वेळ त्यांनी पुढे ढकलून घेतली. सोमवारी रिपोर्ट आला: फायब्रोएडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. तो दोघांनी ठरल्याप्रमाणे उघडला आणि नवऱ्याने लगेच सगळ्यांना कळवायला फोन हातात घेतला. तिने थांबवलं, ते बरंच झालं. साधा रिपोर्ट आला तरी डॉक्टर तो सोनोग्राफीच्या चित्राशी जुळवून पाहतात. चित्र आणि तुकडा यांचा मेळ बसला नाही तर पुन्हा तुकडा घ्यावा लागू शकतो. इथे मेळ बसला. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, एवढं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

त्या सहा महिन्यांचं काय करायचं, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तारीख दोघांच्याही फोनमध्ये घालून ठेवायची, आधीच्या आठवड्यात वेळ घ्यायची आणि मधल्या काळात गाठ मोठी होतेय असं वाटलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. बाकी दिवशी «कशी आहे गाठ?» असा मेसेज नवऱ्याने करायचा नाही. तिला त्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल.