आज्जीच्या चित्रातलं सूप झाकून बघ

बेळगाव

प्रिय,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. चित्र गुंडाळी करून पाठवलंस ते बरं केलंस. मागच्या वेळी घडी घातली होतीस तर गेरू घडीवर उडून गेला होता.

तुझ्या आज्जीला मी दोन-तीनदाच पाहिलंय, तुमच्या निपाणीच्या घराच्या सोप्यावर, मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना. चित्र उघडलं आणि पहिल्यांदा सूपच दिसलं. मग कात्री, मग तेंदूची पानं, मग दोऱ्याचं रीळ. सगळं नेमकं आलंय. आज्जी मात्र मला शोधावी लागली. वारलीचा गोल, त्यात तू दोन डोळे घातलेस, नाक घातलंस, वर चष्माही. त्यामुळे खालचं अंग वारलीचं आणि वरचं डोकं शाळेच्या भिंतीवरच्या बाहुलीचं झालंय. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत.

डोळे-नाक आधी पुसून टाक. वारली माणसाला चेहरा नसतो, आणि चेहऱ्यावाचून माणूस ओळखू येतोच की. तू शाळेतून येताना गल्लीच्या टोकावरून आज्जीला ओळखायचास ना? त्या अंतरावरून तिचे डोळे कुठे दिसत होते? चष्मासुद्धा दिसत नव्हता. तरी ‘ही बसलीय’ हे कळत होतं. तिथून जे दिसत होतं तेवढंच कागदावर यायला हवं. म्हणून पहिलं काम पेन्सिल न घेता कर. रस्त्याच्या पलीकडे उभा राहा, डोळे किलकिले कर, आणि ओळीनं बसलेल्या चार-पाच बायकांत तुझी आज्जी कशामुळे वेगळी पडते ते बघ. बाकीच्या नसतील तर हे जमत नाही, एवढं ध्यानात ठेव. एकट्या माणसाकडे बघून त्याचं वेगळेपण सापडत नाही.

मला त्या दोन-तीन भेटींत जे दिसलं ते सांगतो. बाकीच्या बायका सवयीनं वळतात, हात सुपातच असतात, नजर कधी रस्त्यावर तर कधी गप्पांत. तुझ्या आज्जीला कमी दिसतं. विडीचं तोंड मुडपायच्या वेळी ती दोन्ही हात हनुवटीपर्यंत वर आणते, कोपरं बाहेर काढते, आणि मान अशी पुढे घालते की जणू विडीच्या कानात काहीतरी सांगायचंय. ही दोन लक्षणं तिची: पुढे आलेली मान आणि वर आलेले हात. सूप गल्लीत सगळ्यांकडे आहे.

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून एवढं ठासून लिहितोय. आमच्या शाळेतले एक शिपाईमामा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचं असंच चित्र काढून दिलं होतं. लोखंडी तुकडा टांगलेला, हातात हातोडी, मागं मुलं पळतायत. सगळे म्हणाले, ‘सर, घंटा झकास आलीय.’ मामांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘ह्यात मी कुठला?’ मामा एका पायावर भार देऊन उभे राहायचे, वीस वर्षं मी ते रोज बघत होतो, आणि चित्रात त्यांना सरळ खांबासारखा उभा केला होता.

आता आकारांकडे येऊ. वारलीत धड म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. वरचा उलटा, खालचा सुलटा, आणि मधला बिंदू म्हणजे कंबर. नवखे लोक हा बिंदू नुसता जोड समजतात. खरं तर ती बिजागरी आहे. माणसाचा सगळा स्वभाव या बिजागरीवर वरचा त्रिकोण किती आणि कुठे फिरला यात येतो. जिव्या सोमा मशे यांची चित्रं मोठी करून बघ. डहाणूजवळच्या गंजाड भागातले ते. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये गेले. त्यांच्या चित्रात शेकडो माणसं असतात, त्याच दोन त्रिकोणांची, आणि तरी ओझं उचलणारा, नाचणारा, दमून बसलेला लगेच कळतो, ते या कंबरेच्या बिंदूमुळे.

तुझ्या कागदावर आज्जीचं डोकं साधारण एक सेंटीमीटरचा गोल आहे, ते माप ठीक आहे. वरचा त्रिकोण तीन सेंटीमीटर रुंद, तीन उंच धर. खालचा त्रिकोण बसकाच ठेव, चार रुंद आणि दोन उंच, आणि त्याचा पाया जमिनीला टेकलेला. तू दोन्ही त्रिकोण मिळून वाकवलेस, म्हणून आज्जी घसरगुंडीवर बसल्यासारखी दिसते. बसलेल्या माणसाचा खालचा त्रिकोण हलत नाही. वरचाच कंबरेच्या बिंदूवर पुढे फिरव.

किती फिरवायचा? बाजूनं एक फोटो काढ, त्यावर कंबर ते खांदा अशी रेघ मार आणि उभ्या रेघेशी होणारा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोज. समज वीस अंश आला. चित्रात वीस काढू नकोस, पस्तीसच्या आसपास काढ. दोन त्रिकोणांच्या एवढ्याशा आकृतीत वीस अंशांचा कल बघणाऱ्याला हात हलल्यासारखा वाटतो. तो मुद्दाम काढलाय हे कळायला थोडा वाढवावाच लागतो. पण ही सूट फक्त तिच्या त्या दोन लक्षणांना. तिसरी, चौथी गोष्टही वाढवत गेलास तर व्यंगचित्र होईल, आणि ते बघून आज्जीला राग येईल. यायलाच पाहिजे.

मान हा यातला खरा बारीक भाग. नेहमीच्या आकृतीत मानेची रेघ खांद्याच्या, म्हणजे वरच्या त्रिकोणाच्या पायाच्या बरोबर मधोमध निघते. तुझ्या आज्जीची तिथून काढू नकोस. पुढच्या बाजूच्या कोपऱ्याकडे सरक, तीन सेंटीमीटरच्या पायावर पुढच्या टोकापासून साधारण एक सेंटीमीटर आत, आणि तिथून रेघ वर न नेता पुढे ने. डोकं त्या रेघेच्या टोकाला. मी काल रात्री सहा वेळा करून पाहिलं. मधून मान काढली की कुणीही वाकलेली बाई, कोपऱ्याकडून काढली की ती. अर्ध्या सेंटीमीटरचा खेळ आहे, त्यामुळे आधी पेन्सिलीनं पक्कं कर. गेरूवर पांढरा लागला की खोडता येत नाही.

एवढं पुढे नेल्यावर आकृती तोंडावर पडेल का, हे बघायची युक्ती गवंड्याची आहे. डोक्याच्या गोलापासून ओळंबा सोड, म्हणजे सरळ खाली रेघ कल्पून बघ. ती अंगाच्या आधारात पडली पाहिजे. आज्जी एक पाय दुमडून दुसरा पुढे पसरून बसते ना, तो पसरलेला पाय चित्रात अपुरा काढलायस. तो चार सेंटीमीटर पुढे ने. ओळंबा त्या पायावर पडला की आकृती बसते.

हात म्हणजे दोन मोडलेल्या रेघा. खांद्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून कोपराशी टोकदार मोड, आणि दोन्ही हात गोलाच्या खाली एकत्र. कोपर गोलाई देऊन वळवू नकोस. वारलीत सांधा मोडतो, वाकत नाही. विडी एक बारीक रेघ पुरे. सूप मांडीवर राहू दे, पण रिकामं वाटेल इतकं साधं. तू सुपाची वीण न् वीण काढलीस, म्हणून नजर तिथेच अडकते.

आता तिच्याशेजारी तीन बायका बसव, मुद्दाम ठरलेल्या साच्यातल्या: मान मधोमध, पाठ सरळ, हात सुपात. मग आज्जी आपोआप वेगळी दिसेल. तिला रंगानं किंवा आकारानं मोठी करायची गरज नाही. वारली चित्रात माणूस सहसा माणसांतच असतो, हे तुझ्या कामाला सोयीचंच आहे.

डोक्यावरच्या पदराबद्दल तू विचारलंयस. अंबाड्याचा छोटा गोल मानेशी खाली दे, तो वारलीचाच आहे. पदर हवा असेल तर डोक्याच्या मागून खांद्यावर येणारी एकच तिरकी रेघ आणि तिच्या कडेला इरकलीच्या पदरावर असतात तसे पांढरे दाते. इरकलीचा पदर लाल, त्यात पांढरी नक्षी, आणि तुझी जमीन गेरूचीच लाल. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. पण दाते घातलेस तर सुपातली कात्री काढून टाक. दोन्ही नको.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चित्राभोवती तू जो नक्षीदार चौक काढलायस तो पुसून टाक. वारल्यांच्या घरात तो लग्नाचा चौक असतो, सवाशिणी काढतात, आत पालघट देवी असते. आज्जीच्या तसबिरीला ती चौकट लावायचा आपल्याला अधिकार नाही. साधी कड दे, नाहीतर कडच देऊ नकोस. आणि खाली सही करताना ‘वारली शैलीत’ असं लिही. आपण सीमाभागातले, आपली चित्रभाषा दिवाळीच्या पाडव्याला दारात मांडतात त्या शेणाच्या गवळणींची. बघितलंस तर त्यांनाही डोळे-नाक धड नसतं, आणि तरी लहानपणी कुठली ताक घुसळतेय ते कुणी सांगावं लागत नव्हतं.

तुझ्या धाकट्या मावशीचं चित्रही असंच काढायचं म्हणतोस. ते मला अवघड दिसतं. तिची ओळख सगळी हसण्यात आहे, उभं राहणं-बसणं चारचौघींसारखं. या शैलीत हसू येत नाही. तिचं पेन्सिलनं साधं व्यक्तिचित्र काढ.

रंगाचं थोडक्यात: तांदळाचं पीठ पातळ झालंय, म्हणून रेघ सुकल्यावर राखाडी दिसते. डिंक थोडा वाढव आणि पाणी कमी कर. काडीचं टोक चावून घेतोस तेवढंच ठेव, पण दर दहा-बारा रेघांनी ते फुगतं, तेव्हा नवीन घे. आज्जीच्या मानेची रेघ नव्या काडीनं.

पुढच्या रविवारी मी निपाणीला येतोय, लग्न आहे. दुपारी चारनंतर मोकळा आहे. तीन कच्चे आराखडे करून ठेव, कलाचे कोन वेगवेगळे घेऊन. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या लहान पोराला बोलवू, सुपावर माझा अंगठा ठेवतो, आणि विचारू ही कोण.

तुझे,
सर