एकवीसचे चौदा झाले, पण बरे वाटले कशामुळे?

"पीएचक्यू-९ या नैराश्य मोजण्याच्या फॉर्ममध्ये माझा स्कोअर २१ आला. घाबरून दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे गार पाण्याने आंघोळ सुरू केली. दोन आठवड्यांनी पुन्हा फॉर्म भरला तर १४! 'तीव्र'वरून थेट 'मध्यम'. म्हणजे उपाय लागू पडला ना? आता समुपदेशनाची सत्रं बंद केली तर चालेल का?"

सत्रं बंद करू नका, निदान या दोन आकड्यांच्या भरवशावर तरी नको. आंघोळ आवडत असेल तर खुशाल चालू ठेवा. मात्र सात गुणांच्या घसरणीचं श्रेय तिला देण्याआधी, जवळजवळ अशीच घसरण झालेल्या एका बाईंच्या नोंदी पाहू. त्यांनीही गार पाण्याचाच उपाय केला होता.

या बाई समुपदेशनाच्या सत्रांना येऊ लागल्यापासून दर दोन आठवड्यांनी हाच फॉर्म भरत होत्या. पहिले पाच आकडे होते १४, १७, १३, १६, १५. सरासरी १५. सहाव्या वेळी एकदम २१ आले. त्याच संध्याकाळी कुणीतरी गार पाण्याचं सुचवलं, आणि सातव्या वेळी १४. बाई खूश. घरचेही खूश. पण पहिल्या ओळीकडे पाहा: १४ हा त्यांचा नेहमीच्याच पट्ट्यातला आकडा आहे. २१ वरून पाहिलं तर तो मोठा उतार दिसतो, १५ वरून पाहिलं तर काहीच हललेलं नाही.

मग २१ आले कुठून? त्यासाठी बेरीज सोडून फॉर्मचे नऊ प्रश्न सुटे करून पाहावे लागतात. प्रत्येक प्रश्नाला गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला यावरून ० ते ३ गुण असतात, एकूण २७. झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांना बाईंनी सहाव्या वेळी ३-३ दिले होते, म्हणजे १२. उदासी, रस न वाटणं, स्वतःला कमी लेखणं, हालचाल मंदावणं यांचे मिळून ९. नववा, जीव नकोसा वाटण्याचा प्रश्न, शून्य. पुढच्या वेळी पहिल्या चौकडीचे १२ चे ६ झाले. दुसऱ्या चौकडीचे ९ चे फक्त ८. सातातले सहा गुण एकाच बाजूने गळाले होते. विचारल्यावर कळलं, त्या पंधरवड्यात बाई आठ दिवस तापाने आडव्या होत्या. ताप गेला, भूक आली, झोप लागली. उदासी होती तिथेच होती.

प्रत्येक वेळी असं ठळक कारण सापडेलच असं नाही. बहुतेकदा सापडत नाही, आणि तशी गरजही नसते. कोणत्याही मोजणीत माणसाची नेहमीची पातळी असते आणि त्यावर त्या पंधरवड्याची भर किंवा तूट: एखादं भांडण, जागरण, फॉर्म भरताना असलेला मूड. आकडा टोकाचा येतो तेव्हा या सगळ्या गोष्टी बहुधा एकाच दिशेने पडलेल्या असतात. पुढच्या वेळी त्या पुन्हा तशाच पडण्याची शक्यता कमी, म्हणून आकडा नेहमीच्या पातळीकडे परततो. यात बरं करणारी कुठलीही शक्ती नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या नोंदींत हेच दाखवलं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत. गंमत म्हणजे उलटंही खरं असतं. फार उंच मुलं निवडली, तर त्यांचे आईवडील सरासरीने त्यांच्यापेक्षा बुटके भरतात. मुलांमुळे आईवडील बुटके झाले असं कोणी म्हणणार नाही!

फसगत होते ती आकडा निवडण्याच्या वेळेमुळे. माणूस उपाय शोधतो तो सर्वांत वाईट पंधरवड्यात. त्यामुळे 'उपायाआधीचा' आकडा जवळजवळ नेहमीच शिखरावरचा असतो, आणि शिखरावरून पुढची पायरी बहुधा खालीच जाते. त्या वेळी गार पाणी, ताईत, नवं पुस्तक, नवा समुपदेशक, काहीही सुरू केलं असतं तरी त्याला यश आलं असतं. समुपदेशकही यात सर्रास फसतात, कारण श्रेय गोड लागतं.

हीच चूक दुसऱ्या अंगानेही होते. बाईंच्या पहिल्या ओळीत १३ नंतर १६ आहेत. तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, "त्या दिवशी जुन्या गोष्टी उकरल्या म्हणून बिघडलं." खरं तर १३ हा त्यांचा त्यातल्या त्यात चांगला पंधरवडा होता, आणि तिथून वर जाणं अपेक्षितच होतं. चांगल्या सत्राला दोष आणि आंघोळीला श्रेय, दोन्ही निवाडे एकाच चुकीतून आले.

तुमच्या मनात येईल की सात गुण म्हणजे थोडे का? या फॉर्मवर साधारण पाच गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात, हे बरोबर आहे. पण पहिला आकडा टोकाचा आहे म्हणूनच तो सुरुवातीचा धरला असेल, तर हा निकष भाबडा ठरतो. बाईंची घसरणही निकषात बसतच होती. 'तीव्र' आणि 'मध्यम' ही लेबलं आणखी भूल घालतात.

त्यांच्या बाबतीत निकाल पुढच्या आकड्यांनी दिला. आंघोळ रोज चालू असताना १४, १६, १५, १७ आले, म्हणजे सरासरी साडेपंधरा. "आता पाण्याचा असर संपला," असं बाई म्हणाल्या. असर सुरूच झाला नव्हता. मग दिवसातली दोन ठरावीक कामं मूड असो वा नसो करायची, आणि उठण्याची वेळ पक्की ठेवायची, असं सुरू केलं. यावेळी तुलना २१ शी न करता १५ च्या आसपासच्या पट्ट्याशी करायची, हे आधीच ठरवलं होतं. आकडे आले १४, १२, १३, ११, ९. मधे १३ ला थोडी उसळी आहे, तरी शेवटच्या चारांपैकी एकही जुन्या पट्ट्याच्या वर गेला नाही आणि तीन तर त्याच्याही खाली आहेत. शिवाय या वेळी उदासीच्या चौकडीचे गुणही उतरले. हा बदल गंभीरपणे घ्यावा असा आहे. तो नव्या दिनक्रमामुळेच झाला, हे मात्र एका माणसाच्या नोंदींवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. नैराश्याचा काळ कधीकधी आपोआपही ओसरतो.

तुमच्याकडे २१ च्या आधीच्या नोंदी नाहीत, म्हणून तुमची नेहमीची पातळी कोणालाच ठाऊक नाही. ती १४ असू शकते, १८ सुद्धा. दर दुसऱ्या रविवारी, शक्यतो त्याच वेळी, फॉर्म भरा. फार वाईट वाटतंय म्हणून मधेच भरू नका, नाहीतर पुन्हा शिखरच मोजलं जाईल. नऊही उत्तरं सुटी लिहून ठेवा आणि शेजारी त्या पंधरवड्यातलं आजारपण, जागरण असं काही असेल तर दोन शब्द. असे आणखी चार आकडे जमले की ते सत्राला घेऊन या, २१ बाजूला ठेवून उरलेल्यांकडे पाहू.

या वाट पाहण्याला नववा प्रश्न मात्र अपवाद. तिथे शून्याऐवजी १ जरी आला, तरी सरासरीची किंवा पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करायचा.